१९७० चा ठिपका: फिलिप्स कर्व्ह नेमका कुठे मोडला

फिलिप्स कर्व्ह म्हणजे बेकारी कमी तर महागाई जास्त असं सांगणारी रेघ. तिचा धडा आला की मी पोरांना आधी आलेख वहीवर ठिपके मांडायला लावतो, व्याख्या नंतर. जळगावला बी.ए.ची बॅच घेतो, बरीचशी पोरं पारोळा, एरंडोल, धरणगाव साइडची, आकडे सांगितले की पटापट मांडतात. आडव्या रेषेवर बेकारी, उभ्या रेषेवर महागाई, देश अमेरिका. १९६१ ला बेकारी ६.७ टक्के आणि महागाई १ टक्का, १९६४ ला ५.२ आणि १.३, १९६६ ला ३.८ आणि २.९, १९६९ ला ३.५ आणि ५.५. मधली वर्षं पण देतो, सगळे ठिपके जोडले की डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरत जाणारी अशी छान वळणदार रेघ येते की पोरांना वाटतं आपण निसर्गाचा नियमच काढला. मग मी १९७० चा आकडा सांगतो, बेकारी ४.९ आणि महागाई ५.७. यंदा एका मुलीने पेन्सिल तिथेच थांबवली आणि म्हणाली, "सर, आकडा चुकला तुमचा. ४.९ बेकारीला महागाई दीड टक्क्याच्या आसपास पाहिजे, तुम्हाला १.७ म्हणायचं होतं का?"

आकडा बरोबर होता. पण तिची शंका मला फार आवडली, कारण नेमकी हीच शंका त्या वेळी अमेरिकेतल्या भल्याभल्यांना आली होती, आणि सगळं प्रकरण या एका ठिपक्यात आहे. १९६४ आणि १९७० ही दोन वर्षं शेजारी ठेवा. बेकारी जवळपास सारखी, ५.२ आणि ४.९. महागाई एकदा १.३ आणि एकदा ५.७. म्हणजे तेवढ्याच बेकारीला चौपट महागाई. मग मधल्या सहा वर्षांत असं काय झालं?

आधी रेघ कुठून आली ते थोडक्यात. ए. डब्ल्यू. फिलिप्स मूळचा न्यूझीलंडचा, शिक्षणाने इंजिनिअर, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवायचा. १९५८ मध्ये त्याने ब्रिटनचे १८६१ ते १९५७ चे आकडे घेऊन दाखवलं की बेकारी कमी असली की मजुरी जोरात वाढते आणि बेकारी जास्त असली की मजुरी थंड पडते. लक्षात घ्या, त्याचा आलेख मजुरीचा होता, महागाईचा नाही. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, सॅम्युएलसन आणि सोलो या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेला लावला, मजुरीच्या जागी भाव घातले आणि ही रेघ म्हणजे धोरणाचा मेन्यू आहे असं मांडलं, बेकारी एवढी कमी हवी तर महागाई एवढी सोसा. त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलं होतं की काही वर्षांत ही रेघ स्वतःच सरकू शकते. पण लोकांनी मेन्यू उचलला आणि इशारा तिथेच सोडला, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण पाठ्यपुस्तकात आजही बहुतेक वेळा फक्त मेन्यूच छापलेला असतो.

मेन्यू मग वापरलाही गेला. केनेडींच्या सल्लागारांनी ४ टक्के बेकारी हे तात्पुरतं लक्ष्य धरलं होतं. १९६४ ला मोठी करकपात झाली, त्यावर जॉन्सन यांच्या काळात गरिबी हटवायच्या योजनांचा खर्च आणि व्हिएतनाम युद्धाचा खर्च. बाजारात पैसा खेळला, मागणी वाढली, १९६६ ला बेकारी ३.८ वर आली आणि १९६९ पर्यंत ती ४ च्या खालीच राहिली. चार वर्षं. आता या चार वर्षांची महागाई ओळीने वाचा, २.९, ३.१, ४.२, ५.५. बेकारी जवळपास जागच्या जागी आणि महागाई दरवर्षी थोडी वर. रेघ खरंच पक्की असती तर ३.८ बेकारीला महागाई २.९ वर थांबायला पाहिजे होती, ती चढत का राहिली? जोडलेल्या रेघेच्या नादात हे कोणाच्या लक्षात येत नाही, पोरांच्याही नाही, ठिपके मात्र १९७० च्या आधीपासूनच सांगत होते की रेघ सरकायला लागली आहे.

का सरकते हे मला स्वतःला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं, कळलं ते मामांच्या कारखान्यात. मामांचं एमआयडीसीत चटईचं युनिट आहे. प्लास्टिकचा दाणा आणायचा, दोरी काढायची, लूमवर चटई विणायची, ट्रक भरून बाहेर पाठवायची. जळगावात अशी युनिटं पुष्कळ आहेत, इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मामा हिशोब एकाच पद्धतीने करतात, एका ऑपरेटरचा महिन्याचा पगार निघायला किती चटया विकाव्या लागतात. खालचे आकडे मी समजायला सोपे म्हणून गोल केलेत, हिशोबाची रीत त्यांची आहे.

समजा चटई १०० रुपयाला जाते आणि ऑपरेटरला १२,००० पगार आहे. म्हणजे एक माणूस मामांना १२० चटयांना पडतो. एवढ्यात दोन शिफ्ट परवडतात, तिसरी नाही. दिवाळीला पगार ठरतात, मागची दोनचार वर्षं सगळ्याच वस्तूंचे भाव ४ टक्क्यांनी वाढत आलेत म्हणून यंदाही तेवढीच वाढ धरून पगार १२,५०० ठरतो, दोघंही खूश. पण त्या वर्षी देशात पैसा जास्त खेळतो आणि सगळ्याच वस्तूंचे भाव ४ नाही तर ८ टक्क्यांनी वाढतात. चटई १०८ ला जाते. आता १२,५०० भागिले १०८, माणूस मामांना ११६ चटयांनाच पडला. चार चटया वाचल्या. मामांना वाटतं आपल्या मालाला उठाव आला, तिसरी शिफ्ट लावतात, आठदहा माणसं नवीन घेतात. एमआयडीसीत प्रत्येक शेड हेच करते आणि बेकारी कमी होते. फिलिप्स कर्व्ह बरोबर चालला.

आता कामगाराच्या बाजूने बघा. त्याला पाचशे वाढून मिळाले, महिना दोन महिने बरं वाटलं, मग किराणा, भाडं, पोराची फी सगळंच वाढलेलं. जागेवर राहायलाच त्याला १२,९६० लागत होते, मिळाले १२,५००. मामांकडे अमळनेरकडचा एक जुना ऑपरेटर आहे, तो एका दिवाळीला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आबा, पगार वाढना पन किराना बी वाढना, मंग काय वाढनं?" मामांकडे याचं उत्तर नव्हतं आणि मला वाटतं सगळी थिअरी या एका वाक्यात आहे.

पुढच्या दिवाळीला तोच माणूस मागचं राहिलेलं भरून मागतो आणि वर यंदाही ८ टक्के महागाई होणार हे धरून मागतो. १२,९६० वर ८ टक्के म्हणजे जवळपास १४,०००. मामा नाही म्हणू शकत नाहीत, शेजारची शेड तेवढा देते. वर्षभरात भाव खरंच ८ टक्क्यांनी वाढतात, चटई १०८ वरून साधारण ११६ रुपये ६० पैशांवर जाते. १४,००० भागिले ११६.६, किती? १२०. माणूस परत १२० चटयांना पडायला लागला. तिसरी शिफ्ट बंद, घेतलेली माणसं परत घरी. आणि महागाई? ती ४ वर गेली नाही, ८ वरच बसली. बेकारी जुन्या जागी आली, महागाई नवीन जागी राहिली. अमेरिकेचा १९७० चा ठिपका म्हणजे हाच.

मग तिसरी शिफ्ट चालूच ठेवायची असेल तर? माणूस परत ११६ चटयांना पडायला हवा, म्हणजे १४,००० पगारावर चटई १२० रुपये ७० पैशांना गेली पाहिजे, म्हणजे त्या वर्षी भाव ८ नाही, साधारण १२ टक्क्यांनी वाढले पाहिजेत. त्याच्या पुढच्या वर्षी कामगार १२ धरून बसणार, मग १६ लागणार. बेकारी त्या खालच्या पातळीला धरून ठेवायची किंमत "जास्त महागाई" अशी एकदाच द्यायची नसते, महागाई दरवर्षी वाढवत न्यावी लागते, कारण काम फक्त त्या भागाने होतं जो कामगाराने धरलेला नसतो. इथे दोन्ही वर्षी तो चारच टक्के होता, ८ वजा ४ आणि १२ वजा ८.

एक सावधगिरी सांगतो कारण आपल्याकडे यात हमखास घोळ होतो. रावेर-यावलला केळीचा भाव चढला आणि बाकी सगळं जागेवर असलं तर ती महागाई नाही, तिथे शेतकऱ्याला खरंच जास्त मिळतंय आणि त्याने जास्त माणसं लावली तर ते टिकू शकतं. फसगत तेव्हा होते जेव्हा सगळेच भाव वाढत असतात आणि प्रत्येकाला आधी फक्त आपल्याच मालाचा भाव दिसतो. मामांना चटईचा भाव रोज दिसतो, दाणा, वीज, भाडं, मजुरी यांचं एकत्र चित्र दिसायला सहा महिने जातात. ते सहा महिने म्हणजेच फिलिप्स कर्व्हचा शॉर्ट रन.

हे सगळं मिल्टन फ्रीडमनने डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात सांगितलं, आणि एडमंड फेल्प्सने स्वतंत्रपणे त्याच सुमारास लिहिलं. तारीख महत्त्वाची आहे. त्या वेळी रेघ छान चालत होती, मोडायला अजून दोनतीन वर्षं होती. अर्थशास्त्रात घटना घडून गेल्यावर कारण सांगणारे खूप, आधी सांगून तसंच घडलेलं फार कमी वेळा बघायला मिळतं, म्हणून या भाषणाला मी इतका मान देतो. त्यांचं म्हणणं एका ओळीत असं मांडता येतं:

महागाई = धरलेली महागाई − क × (बेकारी − नैसर्गिक बेकारी)

क म्हणजे बेकारी एका टक्क्याने हलली की महागाई किती टक्के हलते तो आकडा. नैसर्गिक बेकारी म्हणजे ती पातळी जिथे महागाई लोकांनी धरली तेवढीच निघते, मामांच्या भाषेत माणूस १२० चटयांना पडतो ती जागा. नावात "नैसर्गिक" आहे म्हणून ती चांगली किंवा कायमची असं काही नाही, नोकरी शोधायला किती वेळ लागतो, कौशल्य आणि काम जुळतं का, यावर ती ठरते आणि बदलते. पोरांकडून मी हे करून घेतो: क म्हणजे १ धरा, नैसर्गिक बेकारी ५, लोक मागच्या वर्षीची महागाईच पुढे धरतात, सुरुवात १ टक्क्यापासून. सरकारने बेकारी ४ वर आणून चार वर्षं तिथेच ठेवली. महागाई येते २, ३, ४, ५. पाचव्या वर्षी बेकारी परत ५ वर सोडली, महागाई ५ च राहते. आता ही ओळ अमेरिकेच्या ओळीशेजारी ठेवा, १९६६ ते ६९ ला २.९, ३.१, ४.२, ५.५ आणि मग १९७० ला बेकारी ४.९ आणि महागाई ५.७. इतक्या ढोबळ हिशोबातून इतकं जवळ येणं थोडं योगायोगाचं आहे, पण दिशा योगायोगाची नाही.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते, परतीची. ५ वरून महागाई परत १ वर आणायची तर चार वर्षं बेकारी ६ ठेवा किंवा दोन वर्षं ७ ठेवा. घेतलेलं तेवढंच परत द्यावं लागतं. म्हणजे चार वर्षं जे रोजगार जास्त मिळाले ते फुकट नव्हते, उधारीवर होते, आणि उधारी फेडणारी माणसं बहुतेक वेळा वेगळीच असतात. ही बाब मला सगळ्यात जास्त टोचते.

आता एक गैरसमज, जो मी गाइडमध्ये पण छापलेला बघितलाय, की फिलिप्स कर्व्ह तेलामुळे मोडला. अरब देशांनी तेल रोखलं ते ऑक्टोबर १९७३ मध्ये. आपला ठिपका १९७० चा आहे, तीन वर्षं आधीचा. तेलाने नंतर आगीत तूप ओतलं हे खरं, १९७४ ला महागाई ११ टक्के झाली आणि १९७५ ला बेकारी ८.५, आणि त्या वर्षीही महागाई ९ च्या वर. तो वेगळा धक्का आहे, पुरवठ्याचा, आणि तो वरच्या समीकरणात नाहीच, वेगळा जोडावा लागतो. पण तेल नसतं तरी ती रेघ वाचली नसती. १९७० चा ठिपका दाखवायचं माझं कारण तेच.

मधे एक शॉर्टकट पण मारून बघितला गेला. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी भाव आणि मजुरी ९० दिवस गोठवली, नंतरही टप्प्याटप्प्याने नियंत्रणं ठेवली. १९७२ ला महागाई ३.२ वर दिसली आणि वाटलं जमलं. पण त्याच वेळी पैसा सैलच होता, झाकण ठेवून खाली जाळ चालू ठेवल्यासारखं, नियंत्रणं सैल झाली तशी १९७३ ला महागाई ६.२ झाली, यातलं बरंचसं तेलाच्या आधीच. म्हणून १९७२ चा ठिपका मांडताना मी पोरांना त्याच्याभोवती गोल करायला सांगतो, तो ठिपका भाव मोजतो, दाब मोजत नाही.

शेवटी परतफेड झाली ती ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष झाल्यावर. १९८० ला महागाई १३.५ टक्के होती. त्यांनी पैसा इतका आवळला की बँकांचा एका रात्रीचा व्याजदर १९८१ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास गेला. १९८२ च्या शेवटी बेकारी १०.८ टक्के झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर तोपर्यंतची सगळ्यात जास्त. १९८३ ला महागाई ३.२ वर आली. पोरं विचारतात एवढी बेकारी का लागली, नुसतं जाहीर करून का नाही जमलं, लोकांनी कमी महागाई धरली असती तर काम फुकटात झालं असतं की. हिशोबाने बरोबर आहे. रॉबर्ट लुकास वगैरे मंडळींचं म्हणणं याच दिशेचं होतं, लोक फक्त मागे बघत नाहीत, धोरण बघून पुढचं धरतात. पण मामांचा ऑपरेटर कोणाच्या घोषणेवर पगार कमी मागत नाही, तो किराण्याचं बिल बघतो, आणि ज्या सरकारने दहा वर्षं महागाई आवरू म्हणून आवरली नाही त्याच्या अकराव्या घोषणेवर तर नाहीच. व्होल्करनी घोषणा केली म्हणून लोकांचा विश्वास बसला नाही, बेकारी १० च्या वर जाऊनही ते मागे हटले नाहीत हे दिसलं तेव्हा बसला.

इथवर आलं की वर्गात कोणीतरी म्हणतंच, मग फिलिप्स कर्व्ह खोटा. नाही. थोड्या काळासाठी तो खरा आहे, व्होल्करनी महागाई खाली आणली ती त्याच रेघेवरून घसरत. लांब पल्ल्यात मात्र रेघ उभी होते, नैसर्गिक बेकारीवर सरळ उभी, महागाई २ असो की १०, बेकारी तिथेच. धोका हा आहे की ही नैसर्गिक बेकारी कोणाला दिसत नाही, ती मागाहून अंदाजाने काढतात. १९६० च्या दशकात ४ टक्के चालेल असं धरलं होतं, नंतरच्या बहुतेक अंदाजांनी ती ५ च्या वर ठेवली. एका टक्क्याची चूक, पण दरवर्षी साठत गेली. म्हणून कुठल्या वर्षी रेघ सरकतेय हे ओळखायची खूण एकच, बेकारी जागेवर असताना महागाई सलग चढतेय का ते बघा, नुसता महागाईचा आकडा मोठा आहे की छोटा यावरून कळत नाही.

आणि समीकरणाच्याही मर्यादा आहेत. जून २०२२ ला अमेरिकेत महागाई ९.१ टक्के होती, वर्षभरात ती ३ च्या आसपास आली आणि बेकारी सगळा वेळ ४ च्या खालीच राहिली. व्होल्करच्या हिशोबाने असं व्हायला नको होतं. एक मोठा भाग पुरवठ्याचा होता, कोरोनात अडकलेला माल आणि युद्धाने चढलेलं इंधन सुटत गेलं. दुसरं म्हणजे लोकांनी यावेळी ९ धरलंच नाही, लांबच्या काळासाठी ते २ ते ३ च्याच जवळपास धरून होते, म्हणून परतीला बेकारीची किंमत पडली नाही. धरलेली महागाई जागेवर असली की रेघ सरकत नाही. आपल्याकडे २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला ४ टक्के, खालीवर २, असं लक्ष्य कायद्याने दिलंय ते या धरण्यासाठीच.

भारताचे ठिपके मात्र मी पोरांना मांडायला देत नाही. मामांची तिसरी शिफ्ट बंद झाली तेव्हा गेलेली माणसं बेकार म्हणून कुठे नोंदली गेली नाहीत, कोणी पारोळ्याला भावाच्या शेतात कापूस वेचायला गेलं, कोणी सुरतला गेलं. आडव्या रेषेवर त्यांना कुठे मांडायचं हे त्या मुलीने परवा विचारलं, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून फळ्यावर बेकारी खोडून तिथे "किती दिवस काम मिळालं" असं लिहिलं आणि पुढच्या आठवड्यासाठी तिला मामांचं हजेरी रजिस्टर मिळवून दिलं.